नफ्याच्या आणि तोट्याच्या शाखा एकाच आलेखात: दोन रंगांचे उजवे-डावे पट्टे कसे काढायचे

आठ शाखांचा वर्षाचा निकाल एका पानावर दाखवायचा आहे. काही शाखा नफ्यात, काही तोट्यात. यासाठी सगळ्यात सोपा आणि प्रामाणिक आलेख म्हणजे मध्ये शून्याची उभी रेघ, नफ्याचे आडवे पट्टे तिच्या उजवीकडे आणि तोट्याचे डावीकडे. काढायला अर्धा तास लागतो. पण एक्सेल आपणहून जे काढून देतं ते जसंच्या तसं छापलं, तर नेमक्या तोट्यातल्या शाखाच नीट वाचता येत नाहीत. त्यामुळे या लेखातला बराचसा भाग तोट्याच्या बाजूबद्दल आहे.

मी कोकणी मेव्याच्या दुकानांचे हिशेब बघते. काजू, आमसुलं, आंबापोळी, कोकम सरबत असा माल. मुख्य दुकान चिपळूणला आणि बाकीच्या शाखा पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत. पहिल्या वर्षी मी असा आलेख काढून बैठकीत सगळ्यांच्या हातात दिला. मालवणचं दुकान बघणाऱ्या वहिनींनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "माझ्या मालवणाचा नाव खंय आसा?" नाव होतं, पण तोट्याच्या पट्ट्याखाली झाकलं गेलं होतं. शिवाय कागद झेरॉक्सचा, म्हणून लाल आणि हिरवा दोन्ही रंग सारखेच करडे आले होते. आकड्यामागची वजाची खूण पट्ट्याच्या टोकाला चिकटली होती. त्या दिवशी प्रत्येक शाखेचा निकाल मला तोंडी सांगावा लागला.

खालचे आकडे समजावण्यापुरते बदललेले आहेत, पण गोष्ट तीच आहे.

आधी आकडे तपासा

नव्या शीटमध्ये `A` स्तंभात शाखा आणि `B` स्तंभात वर्षाचा निकाल रुपयांत लिहा. तोटा असेल तर आकड्याआधी वजा.

```
शाखा        निकाल
पनवेल      -285000
महाड         48000
चिपळूण      612000
रत्नागिरी     435000
राजापूर      -36000
कणकवली     218000
मालवण      -142000
सावंतवाडी     97000
```

हाताने टाइप केलंत तर अडचण येत नाही. पण बहुतेक वेळा हे आकडे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून, नाहीतर कुणीतरी पाठवलेल्या पीडीएफमधून उचललेले असतात. तिथे तोटा दाखवायच्या पद्धती वेगवेगळ्या. कुठे वजाची खूण आकड्याच्या मागे असते, कुठे आकडा कंसात असतो, कुठे शेवटी `Dr` लिहिलेलं असतं. कधी वजाची खूण म्हणून कीबोर्डवरच्या आडव्या रेघेऐवजी तिच्यासारखी दिसणारी थोडी लांब खूण येते. डोळ्यांना तो आकडा वाटतो, पण एक्सेलसाठी तो बरेचदा मजकूर असतो, आणि आलेखात मजकुराची किंमत शून्य धरली जाते. म्हणजे पट्टा उमटतच नाही. शाखेचं नाव दिसतं, पुढे काहीच नाही. वाचणारा समजतो की ही शाखा ना नफ्यात ना तोट्यात.

म्हणून आलेखाला हात लावण्याआधी एका रिकाम्या स्तंभात हे सूत्र टाकून खाली ओढा:

```
=ISNUMBER(B2)
```

जिथे `FALSE` येईल तो आकडा पुसून हाताने टाइप करा. मग बेरीज घ्या:

```
=SUM(B2:B9)
```

आपल्या उदाहरणात ती ९,४७,००० यायला हवी, आणि मुख्य हिशेबातल्या एकूण निकालाशी जुळायला हवी. जुळली नाही तर फरक किती आहे ते बघा, कारण चूक कुठली ते फरकच सांगतो. समजा बेरीज १२,३२,००० आली. फरक २,८५,००० चा, म्हणजे नेमका पनवेलचा तोटा. पनवेलचा आकडा मजकूर होऊन बसला आहे आणि बेरजेत धरलाच गेलेला नाही. बेरीज १५,१७,००० आली तर फरक ५,७०,००० चा, पनवेलच्या तोट्याच्या दुप्पट. इथे आकडा आकडाच आहे, पण त्याची वजाची खूण गळून तोटा नफा झाला आहे. `Dr` लिहिलेल्या आकड्यांचं असं होतं: ती अक्षरं कधी कधी फक्त सेलच्या फॉरमॅटमध्ये असतात आणि आतला आकडा धनच असतो. सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये पाहिलं की खरा आकडा कळतो. `ISNUMBER` ही दुसरी चूक पकडू शकत नाही, म्हणून बेरीज टाळायची नाही.

क्रम कोणता ठेवायचा

कोकणात शाखांची यादी काढली की माणूस आपोआप महामार्गाने निघतो. पनवेल, महाड, चिपळूण, मग हातखंब्याहून आत रत्नागिरी, पुढे राजापूर, कणकवली, कसालहून आत मालवण, आणि शेवटी सावंतवाडी. आमच्याकडेही सगळ्यांना हाच क्रम पाठ आहे, आणि त्याच क्रमाने आलेख काढावा असा आग्रह झाला होता. मी तो मानला नाही. उत्तर-दक्षिण क्रमात पट्टे एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असे उड्या मारत राहतात, आणि राजापूरचा तोटा मोठा की मालवणचा हे बघायला नजर वर-खाली फिरवावी लागते. मोठ्या नफ्यापासून मोठ्या तोट्यापर्यंत क्रम लावला की तोट्याच्या शाखा खाली एकत्र येतात आणि प्रश्न कुठे आहे ते लगेच दिसतं. भौगोलिक क्रमाचा उपयोग तेव्हा, जेव्हा प्रश्नच भूगोलाचा असतो. उदाहरणार्थ, दक्षिणेकडच्या दुकानांना मालाची वाहतूक महाग पडते का.

त्यासाठी `A1:B9` निवडा आणि `Data > Sort` मध्ये `B` स्तंभावर `Largest to Smallest` लावा. चिपळूण वर आलं पाहिजे, पनवेल सगळ्यात खाली.

नफा आणि तोटा वेगळ्या स्तंभांत

एक्सेलमध्ये एकाच स्तंभावरून दोन रंग देण्याची सोय आहे. पट्ट्यांवर उजवं क्लिक करून `Format Data Series` मध्ये `Solid fill` निवडायचं आणि `Invert if negative` वर टिक करायची. रंगाच्या दोन पेट्या दिसतात: पहिली धन आकड्यांसाठी, दुसरी ऋण आकड्यांसाठी. घाईचं काम असेल तर हे पुरतं. फक्त दुसऱ्या पेटीत सुरुवातीला पांढरा रंग असतो, हे लक्षात ठेवा. टिक केली आणि तोट्याचे पट्टे गायब झाले, तर ते पुसले गेलेले नाहीत, पांढऱ्यावर पांढरे आहेत.

तरी मी दोन स्तंभ करते. कारण मला तोट्याच्या आकड्याची लेबलं नफ्याच्या लेबलांपेक्षा वेगळी हवी असतात, वेगळ्या शब्दांत आणि वेगळ्या रंगात. दोन मालिका असल्या की प्रत्येकीला वेगळं वळण देता येतं. शिवाय हीच फाईल कुणी लिब्रेऑफिसमध्ये उघडली तरी रंग टिकतात.

`C1` मध्ये नफा आणि `D1` मध्ये तोटा असं शीर्षक द्या. खाली अनुक्रमे ही सूत्रं:

```
=MAX(B2,0)/100000
=MIN(B2,0)/100000
```

दोन्ही नवव्या ओळीपर्यंत ओढा. एक लाखाने भागलं आहे, कारण आलेखावर "२,८५,०००" पेक्षा "२.८५ लाख" पटकन वाचलं जातं, आणि आपल्याकडे बोलतातही तसंच. चिपळूणच्या ओळीत आता ६.१२ आणि शून्य दिसेल, पनवेलच्या ओळीत शून्य आणि उणे २.८५. `MAX` आणि `MIN` मजकुराकडे मुकाट्याने दुर्लक्ष करून शून्य देतात, चुकीची खूण दाखवत नाहीत. मघाची तपासणी आधी करून घेतली ती म्हणूनच.

आलेख

आता `A1:A9` निवडा, `Ctrl` दाबून ठेवा आणि `C1:D9` निवडा. `B` स्तंभ यात घ्यायचा नाही. `Insert` मध्ये जाऊन आडव्या पट्ट्यांचा `Clustered Bar` घ्या. आडवेच पट्टे का, तर सावंतवाडी, रत्नागिरी अशी नावं उभ्या पट्ट्यांखाली तिरकी होतात आणि मान वाकडी करून वाचावी लागतात.

`Stacked Bar` घेण्याचा मोह होईल, कारण त्यात पट्टे आपोआप एका रेषेत बसतात. पण त्यात लेबल पट्ट्याच्या टोकाबाहेर ठेवण्याचा पर्याय मिळत नाही, आणि आपल्याला तर लेबलं बाहेरच हवी आहेत. म्हणून `Clustered`.

पहिलं चित्र बेंगरूळ दिसेल. तीन गोष्टी लगेच दुरुस्त करायच्या.

पहिली: पट्टे नावांसमोर नीट बसलेले नाहीत, नफ्याचे थोडे एका बाजूला आणि तोट्याचे दुसऱ्या. कारण प्रत्येक शाखेसाठी दोन पट्ट्यांची जागा राखलेली आहे आणि त्यातली एक रिकामी आहे. कुठल्याही पट्ट्यावर उजवं क्लिक, `Format Data Series`, मग `Series Overlap` 100% आणि `Gap Width` 50%. पट्टे जाड होऊन नावांच्या बरोबर समोर येतात.

दुसरी: चिपळूण खाली आणि पनवेल वर आलं आहे. एक्सेल आडव्या आलेखात पहिली ओळ तळाशी ठेवतं. शाखांच्या नावांवर उजवं क्लिक, `Format Axis`, आणि `Categories in reverse order` वर टिक.

तिसरी, आणि वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर असलेली: नावं शून्याच्या रेघेला चिकटलेली आहेत, म्हणून तोट्याचे पट्टे त्यांच्यावरून जातात. त्याच `Format Axis` मध्ये खाली `Labels` उघडा आणि `Label Position` ला `Next to Axis` ऐवजी `Low` निवडा. नावं आलेखाच्या अगदी डाव्या कडेला सरकतात, शून्याची रेघ जागच्या जागी राहते. लिब्रेऑफिसमध्ये हाच पर्याय `Outside start` या नावाने आहे. नावं झाकली जातात म्हणून तोट्याच्या शाखांची नावं हाताने टेक्स्ट बॉक्समध्ये लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. पुढच्या वर्षी क्रम बदलला की ती नावं चुकीच्या पट्ट्यासमोर उभी राहतात.

रंग

हिरवा म्हणजे नफा, लाल म्हणजे तोटा, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण लाल आणि हिरव्यातला फरक न दिसणारे लोक, विशेषतः पुरुष, कुठल्याही बैठकीत असू शकतात. आणि झेरॉक्सचा अनुभव वर सांगितलाच. रंग निवडताना एक फिका आणि एक गडद घ्या, म्हणजे रंग गेला तरी फिका-गडद हा फरक उरतो. मी ही जोडी वापरते:

```
नफा   #92C5DE   (146, 197, 222)
तोटा   #B2182B   (178, 24, 43)
```

फिका निळा आणि गडद तांबडा. करड्यात छापलं की पहिला पुसट आणि दुसरा जवळजवळ काळा येतो. तोटा गडद ठेवला आहे, कारण बैठकीत बोलायचं असतं ते त्याच्याबद्दल. रंग भरताना `Fill > Solid fill > Color > More Colors > Custom` इथे कंसातले तीन आकडे टाकायचे. एकदा पट्ट्यावर क्लिक केलं की पूर्ण मालिका निवडली जाते. दोनदा सावकाश क्लिक केलं तर एकच पट्टा, आणि मग बाकीचे जुन्याच रंगात राहतात.

रंगांचा अर्थ सांगणारी चौकट, म्हणजे `Legend`, मी काढून टाकते. शून्याच्या डावीकडचं प्रत्येक लेबल आपणहून "तोटा" म्हणणार आहे, मग चौकटीकडे बघायची गरज राहत नाही.

तोट्याची लेबलं

नफ्याच्या पट्ट्यावर उजवं क्लिक करून `Add Data Labels`, तसंच तोट्याच्या पट्ट्यावर. लगेच दिसेल की प्रत्येक शाखेला एक जास्तीचं शून्य चिकटलं आहे, कारण चिपळूणचा तोटा शून्य आणि पनवेलचा नफा शून्य तेही लेबल होऊन बसले आहेत. हे शून्य एकेक करून पुसू नका. पुढच्या वर्षी आकडे बदलले की परत पुसावे लागतात, आणि खरं लेबल पुसलं जाण्याची भीती असते. लेबलाच्या फॉरमॅटमध्येच ते लपवता येतात.

लेबलवर उजवं क्लिक, `Format Data Labels`, खाली `Number`. `Format Code` मध्ये नफ्याच्या मालिकेला हे टाकून `Add` दाबा:

```
0.00" लाख";;;
```

आणि तोट्याच्या मालिकेला हे:

```
;"तोटा −"0.00" लाख";;
```

अर्धविरामांनी या सूत्राचे चार भाग पडतात: धन आकडा, ऋण आकडा, शून्य आणि मजकूर, याच क्रमाने. जो भाग रिकामा तो आकडा छापलाच जात नाही. दुसऱ्या भागात एक्सेल वजाची खूण आपणहून लावत नाही, आपण अवतरणात लिहू तेवढंच येतं. म्हणून तिथे वजा स्वतः लिहिला आहे. तो विसरलात तर "तोटा 2.85 लाख" येईल. तेही कळतं, पण मला दोन्ही हवेत: शब्द लांबून ओळखायला आणि खूण हिशेबाच्या माणसासाठी. नुसता कंसातला आकडा मात्र टाळा. हिशेबनीसाला त्याचा अर्थ माहीत असतो, दुकान चालवणाऱ्याला असेलच असं नाही. लेबलातली ही खूण मुद्दाम लांब घेतली आहे, बारीक अक्षरातही ती हरवत नाही. इथे ती चालते कारण ती फक्त दिसण्यापुरती आहे. सेलमधल्या आकड्याला मात्र कीबोर्डवरचाच वजा हवा.

लेबलाची जागा `Outside End` ठेवा आणि तोट्याच्या लेबलांचा रंग पट्ट्यासारखाच गडद तांबडा करा.

आता पनवेल बघा. पट्टा सगळ्यात लांब डावीकडे गेलेला, त्याच्या टोकाला "तोटा −2.85 लाख" हे लांबलचक लेबल, आणि लगेच डावीकडे शाखेचं नाव. जागा कमी पडते आणि दोन्ही एकमेकांवर चढतात. आडव्या अक्षाच्या `Format Axis` मध्ये `Minimum` −6 आणि `Maximum` 8 करा. सगळ्यात मोठा तोटा २.८५ चा असताना −6 पर्यंत जाणं उगाच वाटेल, पण ती मोकळी जागा लेबलासाठी आहे. त्याने पट्ट्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बिघडत नाही, कारण शून्य आणि दोन्ही बाजूंची मोजपट्टी एकच राहते.

दोन दशांश स्थळं ठेवली आहेत ती राजापूरसाठी. त्याचा तोटा ३६,००० रुपये, पट्टा नखाएवढा. एक दशांश ठेवला तर "−0.4" येतं, तेही एक वेळ चालेल. पण कुठल्या शाखेचा तोटा ४,००० असेल तर "−0.0 लाख" असं छापलं जाईल आणि त्यातून काहीच कळणार नाही. एखादी शाखा नेमकी शून्यावर असेल तर तिला लेबलच येणार नाही. तिथे मात्र हाताने "०" लिहा, नाहीतर तिचा आकडा राहून गेला असं वाटतं.

शेवटची साफसफाई चटकन होते. प्रत्येक पट्ट्यावर आकडा आहे, तेव्हा उभ्या फिकट रेघा निवडून `Delete`, आणि आडव्या अक्षाच्या आकड्यांना `Label Position` मध्ये `None`. अक्ष पुसू नका, नुसते आकडे लपवा. शून्याची उभी रेघ दीड पॉइंट जाड आणि काळी करा. शीर्षकात "शाखानिहाय नफा-तोटा" एवढंच लिहून जागा वाया घालवू नका. मी लिहिलं होतं: "२०२४-२५: ८ पैकी ३ शाखा तोट्यात, एकूण नफा ९.४७ लाख".

हा पट्टा काय सांगत नाही

नव्या आलेखात मालवणचा "तोटा −1.42 लाख" सगळ्यांना वाचता आला, आणि लगेच दुकान बंद करायचा विषय निघाला. वर्षाचा एकच पट्टा इथे कमी पडतो. कोकणातली दुकानं हंगामावर चालतात. म्हणून मी मालवणचे चार तिमाहींचे चार पट्टे याच रीतीने काढले: एप्रिल ते जून नफा ०.७०, जुलै ते सप्टेंबर तोटा २.०४, ऑक्टोबर ते डिसेंबर नफा ०.३८, जानेवारी ते मार्च तोटा ०.४६. बेरीज उणे १.४२, म्हणजे वर्षाच्या पट्ट्याशी जुळते.

इथे मोठ्यापासून लहानापर्यंत क्रम लावायचा नाही, कारण तिमाहींचा स्वतःचा क्रम असतो. आणि हा आलेख आधीच्या शेजारी ठेवणार असाल तर अक्षाच्या मर्यादा त्याच, −6 आणि 8 ठेवा. एक्सेलवर सोडलं तर ते अक्ष ताणून मालवणची एक तिमाही पनवेलच्या सबंध वर्षाएवढी लांब दाखवील.

चारही पट्टे समोर आल्यावर वहिनींनी दुसऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. पावसात किल्ल्याच्या होड्या बंद, पर्यटक नाहीत, आणि भाडं व दोन मुलींचे पगार मात्र चालू. दुकान बंद करायचा विषय तिथेच मिटला, आणि त्या तीन महिन्यांचं भाडं कमी करून घेता येतं का हे बघायला आमचे काका दुसऱ्याच दिवशी मालवणला गेले.